एकतीस पानांचा युक्तिवाद आणि लपवलेला निवाडा

*मॅडम, मी ठाण्यात वकिली करते, तिसरे वर्ष आहे. चेकच्या केसमध्ये आरोपीतर्फे आहे. पुढच्या तारखेला अंतिम युक्तिवाद आहे आणि कोर्टाने सांगितले आहे की लेखी युक्तिवाद आठ पानांच्या वर नको. माझा एकतीस पानांचा झाला आहे, त्यात एकोणीस निवाडे आहेत. काय कापू तेच कळत नाही. त्यात काल कळले की माझा मुख्य निवाडा, संजय मिश्रा, आता चालत नाही. सर म्हणतात, 'आपण कशाला सांगायचे, समोरच्याला शोधू दे.' मला ते पटत नाही, पण सांगितले तर केसच उरत नाही असेही वाटते. मसुदा, उलटतपासणी आणि निशाण्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. — एक कनिष्ठ वकील, कळवा*

मसुदा नंतर वाचला, उलटतपासणी आधी वाचली. तुम्हीही काही कापायच्या आधी तेच करा. एकोणीस निवाडे बाजूला ठेवा, नि. २१, म्हणजे फिर्यादीची उलटतपासणी, समोर घ्या आणि फिर्यादीने तुमच्या बाजूचे जे काही कबूल केले आहे तेवढेच पेन्सिलीने अधोरेखित करा. मी केले तेव्हा तीनच ओळी निघाल्या. परिच्छेद ९ मध्ये फिर्यादी म्हणतो की सप्टेंबर २०२१ ते मे २०२२ या काळात आरोपीकडून त्याच्या खात्यात पन्नास पन्नास हजार चार वेळा जमा झाले. परिच्छेद ११ मध्ये म्हणतो की चेक पैसे देतेवेळीच, म्हणजे मार्च २०२१ मध्येच घेतला होता आणि तारीख नंतर टाकली. परिच्छेद १२ मध्ये म्हणतो की या दोन लाखांचा उल्लेख नोटिशीत, फिर्यादीत किंवा सरतपासाच्या शपथपत्रात नाही.

तुमची केस या तीन ओळींत आहे. मसुद्यात त्या तेविसाव्या पानावर, 'तसेच' असे म्हणून येतात.

पहिली बावीस पाने कशात गेली? फिर्यादीकडे सहा लाख रोख देण्याची ऐपत नव्हती, त्याने ती रक्कम प्राप्तिकर विवरणात दाखवली नव्हती, वीस हजारांवरचे रोख कर्ज बेकायदा आहे, म्हणून देणे कायदेशीर नाही, अशी ती मांडणी आहे. तेविसाव्या पानापासून तुम्ही म्हणता की सहा लाख घेतले होते, पण त्यातले दोन फेडले. एकाच कागदावर 'त्याने दिलेच नाहीत' आणि 'मी त्यातले फेडले' या दोन गोष्टी शेजारी उभ्या राहिल्या की न्यायाधीशाला तिसरीच गोष्ट दिसते, ती म्हणजे आरोपी जे सुचेल ते बोलतो आहे. ऐपतीचा मुद्दा आधीच्या वकिलांनी उलटतपासात सूचना म्हणून घातला आणि फिर्यादीने तो नाकारला, तिथेच तो संपला. कलम ३१३ च्या जबाबात तुमच्या अशिलाने स्वतः 'पैसे घेतले, काही परत केले' असे सांगितले आहे. तेव्हा हा मुद्दा सोडण्यात तुमचे काही जात नाही, एकोणीसपैकी अकरा निवाडे मात्र आपोआप जातात. मसुदा लांबला तो शब्दांमुळे नाही. कुठली गोष्ट सांगायची हेच ठरले नव्हते, म्हणून लांबला.

आता संजय मिश्रा. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने, हिशेबात न दाखवलेल्या रोख रकमेची वसुली चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली करता येणार नाही, अशा अर्थाचा निर्णय दिला आणि पुढे कित्येक वर्षे आरोपीचे वकील तो घेऊन फिरले. मीही फिरले. २०२३ मध्ये नागपूरच्या खंडपीठाने प्रकाश मधुकरराव देसाई प्रकरणात याच प्रश्नाचे उलट उत्तर दिले: व्यवहार वहीत किंवा विवरणात नसला तरी चेक देण्यापोटीच दिला असे धरून चालणाऱ्या कलम १३९ च्या गृहीतकामुळे तो अंमलात आणता येतो, आरोपीने ते गृहीतक खोडले नाही तर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजबिज तारी वि. किशोर बोरकर या गोव्याहून गेलेल्या प्रकरणात रोख कर्जाचाही प्रश्न मिटवला. प्राप्तिकर कायद्याचे कलम २६९एसएस मोडले तर दंड होतो, पण व्यवहार त्याने रद्दबातल होत नाही. त्याच निवाड्यात चेकच्या केसेस कशा चालवायच्या याच्या सूचना आहेत, त्यामुळे या केसेस चालवणाऱ्या न्यायाधीशाने तो वाचलेला नसेल असे धरूच नका. समोरच्याला शोधू दे म्हणताना तुमच्या सरांच्या डोळ्यांसमोर समोरचा वकील आहे. मला काळजी वर बसलेल्या व्यक्तीची वाटते. तिच्या टेबलावर अशा शेकडो फायली आहेत. मोडीत निघालेला निवाडा तुमच्या पहिल्या पानावर दिसला की बाकीचे निवाडे ती संशयानेच उघडेल.

पण म्हणून मसुद्यात 'संजय मिश्रा आता चालत नाही' असे लिहायचीही गरज नाही. तो आधार तुम्ही घेतच नाही आहात, मग त्याचे स्पष्टीकरण कशाला? तुमच्या उरलेल्या मुद्द्याच्या आड जो निवाडा येतो तोच विरोधी. जो सोडलेल्या मुद्द्याच्या आड येतो, तो त्या मुद्द्याबरोबर जाऊ द्या. तोंडी युक्तिवादात कोर्टाने विचारलेच तर एका वाक्यात सांगा की रोखीचा मुद्दा आरोपी घेत नाही.

तुमच्या उरलेल्या मुद्द्याचा कणा म्हणजे दशरथभाई त्रिकमभाई पटेल वि. हितेश महेंद्रभाई पटेल, (२०२३) १ एससीसी ५७८, निकाल ११ ऑक्टोबर २०२२. तुम्ही त्याला दोन ओळी दिल्या आहेत आणि 'अंशतः परतफेड झाल्यास गुन्हा होत नाही' एवढेच लिहिले आहे. हे चुकीचे नाही, पण इतके ढोबळ लिहिले की समोरचा ते सहज उलटवतो. तिथे चेक वीस लाखांचा होता. चेक वटवायला टाकण्याआधी आरोपीने चार लाख नऊ हजार तीनशे पंधरा रुपये परत केले होते. न्यायालयाने म्हटले की चेक वटवायच्या दिवशी त्यावरची रक्कम आणि प्रत्यक्ष कायदेशीर देणे जुळले पाहिजे. चेक काढल्यानंतर आणि वटवण्याआधी काही रक्कम परत आली असेल तर कलम ५६ प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेसाठीच तो सादर करायचा. नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला आणि तो परत आला तर कलम १३८ लागत नाही.

यातले 'चेक काढल्यानंतर' हे शब्द पुन्हा वाचा. फिर्यादीच्या वकिलाच्या जागी मी असते तर म्हटले असते, चेकवर तारीख १० ऑगस्ट २०२२ आहे, पैसे आले ते त्याआधी, म्हणजे दोन लाख वजा करूनच आरोपीने सहा लाखांचा चेक दिला, मुळात देणे आठ लाखांचे होते. हा हल्ला फक्त परिच्छेद ११ ने थांबतो. चेक मार्च २०२१ लाच फिर्यादीच्या हातात होता. ती ओळ नसती तर दशरथभाई तुमच्या उपयोगाचा नव्हता आणि मी तुम्हाला तडजोडीचे बघायला सांगितले असते. म्हणून मसुद्यात निवाड्याच्या आधी ती ओळ आली पाहिजे, शब्दशः, निशाणी आणि परिच्छेदासकट. निवाडा सांगायचा आणि मग 'प्रस्तुत प्रकरणास तंतोतंत लागू' असे लिहायचे ही आपल्याकडची सवय आहे, पण तंतोतंत म्हणजे कुठे ते कोणी दाखवत नाही. तुम्ही दाखवा: तिथे चेक आधी, परतफेड मधे, नोंद नाही, पूर्ण रक्कम सादर; इथे परि. ११, परि. ९ आणि नि. ३८ चे खाते उतारे, नि. १६ चा मूळ चेक ज्यावर पाठीमागे काही नाही, आणि परतीचा मेमो.

आता तुमच्या विरुद्ध जाणारे जे खरोखर उरते ते. रंगप्पा वि. श्री मोहन, (२०१०) ११ एससीसी ४४१. मसुद्यात तो नाहीच, त्याऐवजी कृष्णा जनार्दन भट वि. दत्तात्रय हेगडे, (२००८) ४ एससीसी ५४ आहे आणि त्यावरून तुम्ही लिहिले आहे की कलम १३९ च्या गृहीतकात देणे अस्तित्वात असल्याचे गृहीत धरले जात नाही. हे दोन न्यायमूर्तींचे मत होते. रंगप्पात तीन न्यायमूर्तींनी नेमके तेवढेच मत बरोबर नसल्याचे म्हटले आणि कायदेशीर देण्याचे अस्तित्वही गृहीतकात येते असे सांगितले. भट पूर्ण मोडीत निघाला असे नाही, पण तुम्ही ज्या वाक्यासाठी तो वापरला तेच वाक्य गेले आहे. निवाडा जिवंत आहे का एवढे पाहून भागत नाही, आपण घेतलेले वाक्य जिवंत आहे का ते पाहावे लागते.

आणि गंमत अशी की ज्या रंगप्पाला तुम्ही घाबरलात त्याच्याच पुढच्या भागात तुमचे शस्त्र आहे. आरोपीवरचा भार संभाव्यतेच्या प्राबल्याइतकाच, आणि तो फिर्यादीच्या पुराव्यातूनही पेलता येतो, स्वतः साक्षीला उभे राहावेच लागते असे नाही. तुमच्या अशिलाने साक्ष दिलेली नाही, तेव्हा हे तुम्हाला हवेच आहे. गृहीतकावरची तुमची पाच पाने मी अशी लिहिली असती:

*'चेकवरील सही मान्य आहे. त्यामुळे कलम १३९ चे गृहीतक उभे राहते आणि त्यात कायदेशीर देण्याचाही समावेश होतो: रंगप्पा, परि. २६ (तीन न्यायमूर्ती). सही करून दिलेल्या चेकवर फिर्यादीने तारीख टाकली, एवढ्याने हे गृहीतक ढळत नाही, हेही आरोपी मान्य करतो: बीर सिंग वि. मुकेश कुमार, (२०१९) ४ एससीसी १९७. आरोपीचे म्हणणे इतकेच की फिर्यादीच्या स्वतःच्या कबुलीवरून हे गृहीतक खोडले गेले आहे, आणि तसे खोडता येते: रंगप्पा, परि. २८.'*

चार वाक्ये. दोन विरोधी निवाडे पहिल्याच पानावर मान्य झाले आणि समोरच्याच्या हातातला अर्धा दारूगोळा संपला.

खरी अडचण तिसरी आहे, ती मसुद्यात कुठेच नाही. तुमच्या अशिलाने नोटिशीला उत्तर दिलेले नाही. संजबिज तारीत याच गोष्टीवरून न्यायालयाने आरोपीविरुद्ध अनुमान काढले. टेढी सिंग वि. नारायण दास महंत, (२०२२) ६ एससीसी ७३५ मध्येही ऐपतीचा प्रश्न उत्तरी नोटिशीत न घेतल्याचा विचार झाला. फिर्यादीचा वकील तोंडी युक्तिवादात यापासूनच सुरुवात करील. याला आडवळण घेऊ नका. स्वतंत्र उपशीर्षक द्या, 'नोटिशीला उत्तर नाही', आणि लिहा की अनुमान विरुद्ध जाऊ शकते हे मान्य, पण अनुमान तिथे लागते जिथे बचाव फक्त आरोपीच्या तोंडी शब्दावर उभा असतो आणि नंतर सुचल्यासारखा वाटतो. तारीत बचावाची कहाणीच न्यायालयाला अविश्वसनीय वाटली होती. इथे बचाव नोटिशीच्या आधीच्या बँक नोंदींवर आहे, त्या नोंदी फिर्यादीने कबूल केल्या आहेत, आणि आरोपी गप्प राहिला म्हणून फिर्यादीच्या खात्यात आलेले दोन लाख पुसले जात नाहीत. हा फरक टिकेल का? माझ्या मते टिकेल, पण खात्री देत नाही. ऐपतीचा मुद्दा सोबत ठेवला असता तर मात्र नक्कीच टिकला नसता, कारण तारी आणि टेढी सिंग दोन्ही तिथे थेट लागले असते.

दुसरी फट वस्तुस्थितीची आहे. फिर्यादी म्हणतो की ते दोन लाख दुसऱ्या व्यवहाराचे, जुन्या गाळ्याच्या डिपॉझिटचे. यासाठी निवाडा शोधू नका, तुम्ही तीन लावले आहेत, तिन्ही काढा. परिच्छेद १२ पुरे आहे. गाळ्याचा करार दाखल नाही, त्या व्यवहाराचा शब्द नोटिशीत नाही, फिर्यादीत नाही, शपथपत्रात नाही. तो पहिल्यांदा उलटतपासणीत आला. पुराव्याच्या प्रश्नाला पुराव्यानेच उत्तर द्यायचे.

निवाडे तपासण्याबद्दल. तुमच्या मसुद्यातले आठ मी उघडून पाहिले. त्यांपैकी दोन ठिकाणी तुम्ही न्यायालयाचे मत म्हणून जे दिले आहे ते आरोपीच्या वकिलाचे म्हणणे आहे, न्यायालयाने फक्त नोंदवलेले. हे माझ्याकडूनही झाले आहे. वकिलीच्या पाचव्या वर्षी बेलापूरला एका अपिलात मी मोठ्या आवाजात परिच्छेद वाचला, आणि न्यायाधीशांनी शांतपणे विचारले, 'मॅडम, याच्या आधीच्या परिच्छेदातली पहिली ओळ वाचता का?' तिथे लिहिले होते की अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी पुढीलप्रमाणे प्रतिपादन केले. ते अपील फेटाळले गेले होते. तेव्हापासून उतारा घेताना मी वर जाऊन पाहते, कोण बोलते आहे, आणि खाली जाऊन पाहते, निकाल काय लागला. हेडनोट कधीच उतरवत नाही. ती संपादकाची असते.

परिच्छेदाच्या क्रमांकांची वेगळीच डोकेदुखी. वर मी रंगप्पाचे २६ आणि २८ दिले ते एससीसी या निवाडेसंग्रहातले. न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या प्रतीत तेच मजकूर दुसऱ्या क्रमांकावर येतात. तुम्ही मसुद्यात एससीसीचा क्रमांक दिला आणि संकेतस्थळाची प्रत जोडली तर न्यायाधीश परिच्छेद शोधत बसतील, आणि सापडला नाही की दोष तुमच्याकडे येतो. जी प्रत जोडणार तिचाच क्रमांक द्या, मजकुराच्या कडेला पेन्सिलीची उभी रेघ ओढा. पूर्ण निवाडे जोडू नका. शीर्षकाचे पान, निकालाची तारीख आणि न्यायमूर्तींची नावे असलेले पान, आणि रेघ ओढलेले पान, एवढे प्रत्येकी बस. पूर्ण प्रती पिशवीत ठेवा, मागितल्या तर द्यायला.

किती निवाडे उरले? दशरथभाई, रंगप्पा, बीर सिंग, तारी, टेढी सिंग. बसलिंगप्पा वि. मुदिबसप्पा, (२०१९) ५ एससीसी ४१८ तुम्हाला सोडवणार नाही हे मला माहीत आहे, सगळ्या आरोपीच्या वकिलांचा तो लाडका आहे. तिथेही सहा लाखांचे हातउसने आणि निर्दोष सुटका, म्हणून मोह होतो. पण तिथे सुटका झाली ती फिर्यादीच्या ऐपतीवर आरोपीने पुराव्यातून प्रश्न उभा केला म्हणून. तुम्ही तो मुद्दा सोडला आहे. आकडा जुळला म्हणून निवाडा जुळत नाही. काढा.

पानांचा हिशेब असा बसतो. अर्धे पान तारखा: मार्च २०२१, चार जमा, १० ऑगस्ट २०२२, परतीचा मेमो, नोटीस, फिर्याद. पुढे वर दिलेली चार वाक्ये. मग अडीच पाने परिच्छेद ११, ९, १२ आणि दशरथभाई. एक पान गाळ्याचे डिपॉझिट, एक पान नोटिशीचे उत्तर. शेवटी विनंती. सहा पानांत होते. मोठ्या अक्षरात, दुहेरी अंतराने सात. कोर्टाने आठ सांगितली म्हणून आठ भरायची नाहीत.

तुमच्या सरांना पटवायचे असेल तर नीतीवर बोलू नका, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१४ उघडून दाखवा. तुमची फिर्याद २०२२ ची, जुनीच संहिता लागू. लेखी युक्तिवाद संक्षिप्त आणि वेगवेगळ्या शीर्षकांखाली असावा, तो रेकॉर्डचा भाग होतो, आणि त्याची प्रत त्याच वेळी समोरच्याला द्यावी लागते, हे सगळे त्यात लिहिले आहे. म्हणजे तुमचा मोडका निवाडा समोरच्याच्या हातात त्याच क्षणी जाणार आणि पुढे अपिलातही तुमच्या नावाने फायलीत राहणार. शिवाय तो दाखल करायला वेगळी तारीख सहसा मिळत नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळीच कोर्ट नाक्यावर झेरॉक्स काढून तीन संच तयार ठेवा: कोर्टाला, समोरच्याला, स्वतःला.

आणि अशिलाला बोलावून एक गोष्ट आत्ताच सांगा. हा युक्तिवाद मान्य झाला तरी तो कलम १३८ मधून सुटेल, चार लाखांतून नाही. आपण लेखी कबूल करत आहोत की सहा घेतले आणि दोन दिले. फिर्यादी दिवाणी दाव्यात ते पान लावू शकतो. मुदत संपली आहे का हे तारखांवरून वेगळे पाहावे लागेल, पण 'वकीलबाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतले' असे त्याने नंतर म्हणू नये. मसुदा त्याला मराठीत वाचून दाखवा आणि तुमच्या ऑफिस कॉपीवर त्याची सही घ्या.